खाजणातले भात पहिल्या पावसानंतर तांबडे पडते, चुन्यानेही सुधारत नाही: खालचा चिखल पेरॉक्साइडने कसा तपासावा, पाणी कुठे धरावे

जूनचे पहिले मोठे पाऊस होतात, मानस, म्हणजे बांधातले झडपेचे दार, उघडून आतले खारे पाणी सोडले जाते, भात पेरले जाते. रोप वीतभर होते न होते तोच जुन्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके येतात आणि टोकाकडून पान तांबडे पडत जाते. उपटून पाहिले तर मुळे आखूड, जाड, गंजाचा लेप चढलेली. पांढरे कोवळे मूळ दिसतच नाही. त्याच सुमारास चरातले पाणी एकाएकी नितळ होते, तळ दिसेल इतके, आणि पोंयीत, म्हणजे खाजणाच्या सखल भागातल्या तळ्यात, मेलेले मासे तरंगू लागतात. गोव्यातल्या मांडवी-झुवारीच्या काठच्या खाजणांत मी ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकतो आणि तिला जवळजवळ प्रत्येक वेळी एकच नाव मिळालेले असते: खार चढला. मग आणखी एकदा पाणी धुऊन काढायचे, चुन्याच्या गोणी टाकायच्या आणि पुढच्या जूनमध्ये तेच पुन्हा बघायचे.

खार आणि आम्ल हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो, म्हणून आधी ते वेगळे करायला हवेत. निव्वळ खाराचे रोप टोकाकडून पांढरट वाळते. मार्च-एप्रिलमध्ये तिथे जमिनीवर पांढरा थर धरलेला असतो आणि जुलैचा पाऊस मुरला की शेत बऱ्यापैकी सावरते. आम्लाच्या शेतात तांबडेपणा जुलैतही टिकतो. चराच्या काठावर उन्हाळ्यात गवताच्या काडीसारखे फिकट पिवळे डाग दिसतात आणि पावसात चराच्या तळाशी नारिंगी, कापसासारखा गाळ साचतो. नवीन बांधाच्या मातीवर एक-दोन पावसाळे गेले तरी हिरवळ धरत नाही. पाण्याच्या नितळपणाबद्दल मात्र जरा सावध राहा. खाऱ्या पाण्यातही गढूळ गाळ खाली बसतो, त्यामुळे तो एकटा पुरावा धरू नये. पाणी गोडे झाल्यावर, पाऊस चालू असतानाही ते नितळ आणि किंचित निळसर-हिरवे राहिले, तर मातीतून सुटलेले ॲल्युमिनियम गाळ खाली ओढते आहे असा अर्थ होतो. तेच ॲल्युमिनियम भाताची मुळे खुंटवते आणि माशांच्या कल्ल्यांवर बसते.

चरावर तेलकट तवंग दिसला की लोक बोटींच्या डिझेलकडे बोट दाखवतात. काडीने तवंग हलवून बघा. तुटून त्याचे कपचे झाले आणि ते वेगळेच राहिले तर तो लोहाच्या जिवाणूंचा तवंग आहे. डिझेल काडीमागे पुन्हा मिळून येते.

खाली काय दडले आहे

आपली खाजणे म्हणजे एके काळची खारफुटीची आणि भरतीची जमीन. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, सह्याद्रीकडून येणाऱ्या तांबड्या जांभ्या मातीत लोह भरपूर आणि कांदळ-तिवरांच्या कुजलेल्या मुळापानांत सेंद्रिय पदार्थ भरपूर. हे तिन्ही हवेविना पाण्याखाली एकत्र आले की जिवाणू सल्फेटातला ऑक्सिजन वापरतात आणि मागे लोह व गंधकाचे पायराइट नावाचे खनिज जमते. ते इतक्या बारीक कणांत असते की डोळ्यांना दिसत नाही, फक्त चिखल गडद निळसर-करडा होतो. पाण्याखाली असेपर्यंत ते शेकडो वर्षे निरुपद्रवी पडून राहते. पाणी उतरून हवा लागली की मात्र असे होते:

4FeS₂ + 15O₂ + 14H₂O → 4Fe(OH)₃ + 8H₂SO₄

गंज आणि सल्फ्युरिक ॲसिड. उन्हाळ्यात भेगांमधून हवा खाली जाते, जानेवारी ते मे हे ॲसिड तिथेच तयार होत राहते आणि पहिला पाऊस ते मुळांपाशी नि चरात आणून सोडतो. केरळच्या कुट्टनाडमधल्या काळ्या करी जमिनींचे दुखणे हेच आहे. गोव्यातले प्रत्येक खाजण असे असते असे नाही. एकाच खाजणात नदीकडचा वाळूसर पट्टा निर्दोष असतो आणि पोंयीकडचा खोलगट भाग भारलेला असतो, म्हणून तपासणी पट्टीपट्टीने करावी लागते.

मृदा आरोग्य पत्रिकेसाठी दिलेल्या नमुन्यात हे सापडत नाही, कारण तो वरच्या वीतभर मातीचा असतो आणि सावलीत वाळवून प्रयोगशाळेत जातो. आपल्याला हवा असलेला थर बहुधा हातभर खाली असतो, आणि वाळवताना त्याचा स्वभावच बदलून जातो.

पेरॉक्साइडची तपासणी

तत्त्व सोपे आहे. हवेला जे करायला महिने लागतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड काही मिनिटांत करून दाखवते. म्हणून आधी ओल्या मातीचा साधा पीएच घ्यायचा, मग त्याच मातीवर पेरॉक्साइड घालून पुन्हा पीएच घ्यायचा. पहिला आकडा सांगतो की ॲसिड आतापर्यंत किती झाले आहे. दुसरा सांगतो की ही माती सुकू दिली तर पुढे किती होऊ शकते. सगळे निदान या दोन आकड्यांच्या अर्थावर उभे आहे.

पेरॉक्साइड ३० टक्क्यांचे लागते, ते प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्याकडे मिळते. औषधाच्या दुकानातले जखमेचे पेरॉक्साइड फार पातळ असते, त्याने पायराइट पुरते जळत नाही आणि माती उगाच निर्दोष वाटते. ३० टक्क्यांचे पेरॉक्साइड कातडी पांढरी पडेपर्यंत भाजते आणि डोळ्यात गेले तर डोळा जाऊ शकतो. चष्मा, रबरी हातमोजे आणि शेजारी धुण्यासाठी पाण्याची बादली हवीच. बाटली सावलीत, थंड पेटीत ठेवा आणि तिचे झाकण घट्ट आवळून उन्हात सोडू नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते. बाजारातले पेरॉक्साइड टिकावे म्हणून मुळातच आम्लधर्मी ठेवलेले असते, त्याचा स्वतःचा पीएच तीनच्या आसपास असू शकतो. तसेच ओतले तर चांगली मातीही दोषी ठरेल. म्हणून त्या दिवशी लागेल तेवढेच वेगळे काढा आणि पातळ सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालत त्याचा पीएच ४.५ ते ५.५ मध्ये आणा. असे केलेले पेरॉक्साइड लवकर विघटते, ते साठवू नका. एका रिकाम्या पेल्यात तेच पेरॉक्साइड माती न घालता ठेवा आणि शेवटी त्याचाही पीएच मोजा, म्हणजे माती किती खाली उतरली ते कळेल. पीएच मीटर साधा, खिशात मावणारा चालतो, पण सकाळी ४ आणि ७ पीएचच्या बफर द्रावणांत लावून घ्यावा. लिटमस पट्ट्यांवर हा निर्णय घेऊ नये.

नमुना घेण्यासाठी दोन इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून अर्धा केला की पुरतो. मऊ खाजणात तो दाबून, फिरवून वर काढता येतो. उत्तम वेळ एप्रिल-मे, पाणी सगळ्यात खाली असते तेव्हा. खोली निदान एक मीटर, आणि जवळच्या चराचा तळ त्याहून खाली असेल तर त्या तळाच्याही अर्धा मीटर खाली. दर २५ सेंटीमीटरचा वेगळा नमुना घ्या, पण मध्ये रंग बदलला असेल तर त्या रंगाचाही वेगळा. पाईपमध्ये माती बघतानाच बरेच कळते. पायराइटचा थर गडद करडा, लोण्यासारखा मऊ असतो आणि मुठीत दाबला की बोटांच्या फटींतून निसटतो. कुजलेल्या अंड्याचा वास येतो, पण वास प्रत्येक खाजणाच्या चिखलाला असतो, त्यावर जाऊ नका. माती बांधावरच तपासा. जमत नसेल तर पिशवीतली हवा पिळून काढून ती बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी तपासा.

काचेच्या किंवा उष्णता सोसणाऱ्या पेल्यात चमचाभर माती आणि तेवढेच शुद्ध पाणी कालवून साधा पीएच मोजा. दुसऱ्या पेल्यात चमचाभर ताजी माती घेऊन तिच्यावर पेरॉक्साइड थोडे थोडे ओता, माती बुडेल इतके. एकदम ओतू नका. पायराइट भरपूर असेल तर मिनिटभर काही होत नाही आणि मग अचानक उकळी फुटते, वाफ निघते, पेला हातात धरवत नाही आणि गंधकाचा घसा धरणारा वास येतो. वारा पाठीकडून येईल असे उभे राहा, म्हणजे वाफ तोंडावर येणार नाही. थंडी असेल आणि काहीच हालचाल नसेल तर पेला थोडा उन्हात ठेवून प्रतिक्रिया सुरू करून द्यावी. पंधरा-वीस मिनिटांनी फेस बसला, पेला निवला, की पुन्हा थोडे पेरॉक्साइड घालून बघा. आता फसफसले नाही तर काम पूर्ण झाले, पीएच मोजा. उरलेले चुन्याच्या पाण्याने निवळवून मगच ओता.

आता वाचन. साधा पीएच ४ किंवा त्याखाली असेल तर ॲसिड आधीच तयार झाले आहे. साधा पीएच ६-७ आहे, पेरॉक्साइडला माती जोरात उकळली आणि नंतरचा पीएच ३ च्या खाली गेला, तर पायराइट शाबूत आहे, फक्त अजून पाण्याखाली आहे. नंतरचा पीएच ३ ते ४ मध्ये आला तर संशय आहे, प्रयोगशाळा लागेल. ४ ते ५ मध्ये आला तर या तपासणीने काही ठरत नाही. तीन खुणा एकत्र बघायच्या: उकळी, शेवटचा आकडा आणि पहिल्या-दुसऱ्या आकड्यांतला फरक. फरक निदान एक अंशाचा हवा.

गोव्यात या वाचनाला दोन ठिकाणी चकवा बसतो. आपल्या मातीत, आणि खाणपट्ट्यातून वाहून आलेल्या गाळात तर विशेष, मँगनीज असते. मँगनीजचे ऑक्साइड पेरॉक्साइडला नुसते फोडते, उकळी अगदी पायराइटसारखी फुटते, पण पीएच खाली येत नाही. म्हणून उकळी बघून कोणी घाबरून गेले तर त्याला आधी मीटर वाचायला सांगा. दुसरा चकवा उलटा आहे. चिखलात खुबे-तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे तुकडे असतील तर पेल्यात तयार झालेले ॲसिड ते तिथल्या तिथे मारतात आणि शेवटचा आकडा ६ च्या वर राहतो. बारीक शिंपले खरेच मातीत मिसळलेले असतील तर शेतातही ते थोडेफार रक्षण करतात. मोठे शिंपले मात्र गंज नि जिप्समचा लेप चढून निकामी होतात. अशा मातीसाठी शिंपले वेचून काढून पुन्हा तपासणी करावी. मुळे-पाला जास्त असलेला वरचा थर तपकिरी फेस देतो आणि पीएच थोडा उतरवतो, तो सहसा ३ च्या खाली जात नाही.

पेरॉक्साइड मिळाले नाही किंवा निकाल मधलाच आला, तर एक सावकाश पण भरवशाची खात्री घरी करता येते. ओल्या मातीचा सेंटीमीटरभर जाडीचा थर ताटलीत पसरून सावलीत ठेवा, शिंपडून ओलसर राखा आणि दर आठवड्याला पीएच घ्या. पायराइटची माती आठ ते सोळा आठवड्यांत ४ च्या खाली येते. पूर्ण वाळू द्यायची नाही, कारण कोरड्या मातीत जिवाणूंचे काम थांबते.

एक उदाहरण: तीच माती, दोन निकाल

मांडवीच्या काठच्या एका खाजणात, एकमेकांना लागून असलेल्या दोन पट्ट्या. एका पट्टीत भात दरवर्षी तांबडे, दुसरीत ठीक. तांबड्या पट्टीच्या कडेने काही वर्षांपूर्वी पाणी लवकर निघावे म्हणून जेसीबीने चर खोल केला होता, तळ शेताच्या पृष्ठभागापासून ९० सेंटीमीटर खाली. मे महिन्यात या चरातले पाणी ८० सेंटीमीटर खाली होते. शेजारच्या पट्टीचा चर जुना, उथळ, आणि भरतीचे पाणी तिथे मानशीच्या फळ्यांनी उन्हाळाभर धरलेले, पृष्ठभागाखाली वीतभर.

| खोली (सेंमी) | तांबडी पट्टी: साधा पीएच | पेरॉक्साइडनंतर | ठीक पट्टी: साधा पीएच | पेरॉक्साइडनंतर |
|---|---|---|---|---|
| ० ते २५ | ४.६ | ३.९ | ५.८ | ४.७ |
| २५ ते ५० | ३.६ | २.९ | ६.५ | २.२ |
| ५० ते ७५ | ५.९ | २.० | ६.७ | १.९ |
| ७५ ते १०० | ६.७ | १.८ | ६.८ | १.९ |

तांबड्या पट्टीच्या २५ ते ५० च्या थरात पिवळे डाग होते. तो पिवळा रंग जॅरोसाइट या खनिजाचा, पीएच ४ च्या खाली गेल्याशिवाय ते तयार होत नाही, म्हणजे हा थर बराचसा जळून गेलेला आहे. तिथे पेरॉक्साइडला उकळी मध्यमच होती, कारण पायराइट आता थोडेच उरले आहे. त्याखालचा थर जळायला लागला आहे आणि ७५ च्या खाली सगळे शाबूत आहे.

ठीक पट्टीच्या मालकाने त्याच थराचा २.२ हा आकडा बघितला तेव्हा तो हबकला. त्याचे म्हणणे असे, की तांबड्या पट्टीचा २.९ आहे आणि माझा २.२, म्हणजे माझी जमीन जास्त वाईट! आकडे असे वाचले तर चुन्याचे टेंपो मागवले जातील आणि वर आणखी एक चर खणला जाईल. त्याच्या मातीचा साधा पीएच ६.५ आहे, तिच्यात ॲसिड नाही. २.२ चा अर्थ इतकाच, की शेजाऱ्याकडे जे झाले ते इथेही होऊ शकते. त्याला औषध नको, उन्हाळ्यातले पाणी तेवढे तसेच राहायला हवे. दोन्ही पट्ट्या एकाच चिखलाच्या आहेत, फरक पडला तो फक्त पाण्याच्या पातळीने.

चुन्याचा हिशेब इथेच करून टाकू. समजा ५० ते ७५ च्या थरात पायराइटचे गंधक अर्धा टक्का आहे. एक हेक्टर, २५ सेंटीमीटर जाडी म्हणजे २५०० घनमीटर, कोरडे वजन साधारण २००० टन. त्यातले गंधक १० टन, आणि ते सगळे जळाले तर सल्फ्युरिक ॲसिड ३० टनांच्या वर. ते मारायला शुद्ध बारीक चुनखडी ३१ टन लागते, आणि मिसळणी कधीच पूर्ण होत नाही म्हणून दीडपट धरतात, ४७ टन. पन्नास किलोच्या नऊशेहून जास्त गोणी, तेही फक्त एका थरासाठी, आणि हातभर खाली मिसळायच्या कशा? वर टाकलेल्या वीस-पंचवीस गोणी या हिशेबासमोर टिकत नाहीत. वरच्या दहा सेंटीमीटरमध्ये हेक्टरी टन-दोन टन बारीक चुनखडी मिसळली तर रोपाचा पहिला महिना निभतो, तेवढ्यासाठीच ती वापरावी. खालच्या थराला एकच झाकण परवडते, आणि ते पाण्याचे.

पाणी कुठे धरायचे

तपासणीतून एकच संख्या बाहेर काढायची असते: शाबूत किंवा अर्धवट जळालेला थर किती खोलीवर सुरू होतो. तांबड्या पट्टीत ती २५ सेंटीमीटर. मग उन्हाळ्यात चरातले पाणी कधीही त्या खाली जाऊ द्यायचे नाही, म्हणून लक्ष्य २० सेंटीमीटर. चर आधीच ९० खोल आहे, तो बुजवणे शक्य असेल तर उत्तम. नसेल तर चर मानशीला मिळतो तिथे खाचांचे दोन खांब उभारून आडव्या फळ्या टाकाव्यात, वरची फळी शेताच्या पृष्ठभागाच्या २० सेंटीमीटर खाली. पावसाळ्यात फळ्या काढून पाणी पूर्ण सोडता येते, दसऱ्यानंतर परत बसवायच्या. फळ्यांच्या फटींत आणि तळाशी चिखल लिंपावा लागतो, नाहीतर पाणी रात्रीत उतरते. फूटपट्टी रंगवलेला एक खांब चरात रोवा आणि आठवड्याला एकदा बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पातळी घसरली तर खरा धोका असतो, आणि त्या वेळी शेताकडे कोणी फिरकत नाही.

मानशीची झडप भरतीला आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. तिला तसेच सोडले तर प्रत्येक ओहोटी आतले पाणी थोडे थोडे ओढून नेते, आणि चर खोल असेल तर तळापर्यंत. म्हणून उन्हाळ्यात झडप अधूनमधून उघडी धरून भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि फळ्यांमागे अडवायचे. खाडीच्या खाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट असते, ते थोडेफार ॲसिड मारतेही. सरदाचे, म्हणजे पावसाळी, पीक काढल्यावर पोंय भरतीच्या पाण्याने भरून मासे धरण्याची जुनी रीत याच कारणाने जमिनीला मानवते. मानशीतल्या मासेमारीचा लिलाव घेणारा मात्र पाणी आपल्या माशांच्या सोयीने खाली-वर करतो, म्हणून पाण्याची किमान पातळी लिलावाच्या कागदातच घालून घ्यावी असे माझे ठाम मत आहे. खाजणातल्या शेतकऱ्यांच्या टेनंट असोसिएशनच्या बैठकीत हा विषय एप्रिलमध्ये निघतो तेव्हा उशीर झालेला असतो, तो पिकाच्या कापणीबरोबर निघाला पाहिजे.

याला हरकत येते ती अशी: खारे पाणी इतके वर धरले तर खार वर चढेल. चढेल, हे खरे आहे. पण गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, दोन-तीन मोठ्या पावसांत आणि ओहोट्यांत वरचा खार धुऊन जातो. एकदा जळालेल्या थराचे ॲसिड तसे धुतले जात नाही, जॅरोसाइट वर्षानुवर्षे थोडे थोडे ॲसिड सोडत राहतो. दोन्हींत निवड करायची झाली तर मी उन्हाळ्यातला खार घेईन. पावसाळ्यानंतरचे वायंगण पीक किंवा भाजी घेणाऱ्यांना खारे पाणी आत घेता येणार नाही, त्यांनी झऱ्याचे किंवा ओढ्याचे गोडे पाणी त्याच पातळीला अडवावे.

पावसाच्या सुरुवातीला क्रम महत्त्वाचा असतो. पहिल्या जोरदार पावसानंतर चरातले पाणी पोंयीत सोडू नका. त्याचा पीएच बघा, ४.५ च्या खाली असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला, नदीला भरपूर पाणी असताना, फळी फळीने थोडे थोडे बाहेर सोडा. हे दोन-तीनदा केले की पुढचे पाणी शेतात साचू द्या. आधीच जळालेल्या शेतात भात लगेच पेरू नये. दोन ते चार आठवडे पाणी उभे राहिले की मातीतला पीएच आपणहून वर येऊ लागतो, ॲल्युमिनियम बसते. लोह मात्र त्या काळात सुटे होते आणि तांबडेपणा त्यानेही येतो, म्हणून मधे एकदा पाणी बदलावे, जमीन मात्र सुकवू नये. अशा पट्टीत रोप वेगळे वाढवून उशिरा लावणी करणे थेट पेरणीपेक्षा बरे पडते. उदाहरणातल्या पट्टीसारख्या जागी पहिल्या वर्षी मोठा फरक अपेक्षित धरू नका, दोन-तीन हंगाम लागतात. सुधारणा आधी साध्या पीएचमध्ये दिसते: २५ ते ५० च्या थराचा मे महिन्यातला आकडा ३.६ वरून ४ च्या वर सरकू लागला की दिशा बरोबर आहे. पेरॉक्साइडनंतरचा आकडा वर आला नाही म्हणून निराश होऊ नका, पायराइट तिथेच आहे आणि तिथेच राहायला हवे.

चर उपसताना

चराच्या तळाशी साचलेला काळा, गुळगुळीत गाळ पहिल्या पावसाच्या तोंडावर ढवळू नये. तो पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत खाऊन टाकतो आणि मासे मरतात, ॲसिड नसतानाही. असे झाले तर पाणी काळपट असते आणि मासे आधी वर येऊन तोंड उघडून श्वास घेतात. ॲसिडने मरतात तेव्हा पाणी नितळ असते. उपसणे भाग असेल तर ते भर पावसाळ्यात, पाणी वाहते असताना, तुकड्यातुकड्याने करावे.

उपसलेला करडा चिखल बांधावर टाकायची सवय सगळ्यांत घातक आहे. बांधावर तो वाळतो, जळतो आणि त्याचे ॲसिड दोन्ही बाजूंना उतरते. गवत न धरणारा बांध पावसात खचतोही लवकर. बांधाच्या दुरुस्तीसाठी माती घेण्याआधी तिचा चमचाभर नमुना पेरॉक्साइडमध्ये घालून बघायला अर्धा तास पुरतो. दोषी निघाली तर ती परत पाण्याखालच्या खड्ड्यात टाका. दुसरी माती मिळतच नसेल तर थर देताना प्रत्येक थरात बारीक चुनखडी मिसळा, वर निर्दोष मातीचा थर द्या. चुनखडी किती लागेल ते गंधकाच्या आकड्यावर ठरते आणि तो पेरॉक्साइडच्या पेल्यातून मिळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो आणि तिथे क्रोमियमने क्षपण होणाऱ्या गंधकाची चाचणी मागावी लागते. नमुना गोठवून न्या किंवा घेतल्याबरोबर ८० ते ८५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून घ्या, आणि पिशवीवर खोली, तारीख आणि शेतावर मोजलेले दोन्ही पीएच लिहा. बारीक चिकणमातीत हे गंधक ०.१ टक्क्याच्या वर निघाले तर ती माती चुन्याशिवाय उघड्यावर ठेवायची नाही. वाळूसर मातीत ही मर्यादा ०.०३ टक्के इतकी खाली येते, कारण वाळूत ॲसिड शोषून घ्यायला काहीच नसते.